कंसाविना गणित: पदावली वृक्ष आणि पोस्टऑर्डर फेरी

(२५० + ३ × ४०) × २ − ६०० ÷ (७ − ४) ही पदावली माणूस डावीकडून उजवीकडे वाचतो, पण सोडवताना त्याची नजर पुढेमागे धावते. आधी कंसात शिरायचे, तिथे बेरीज दिसली तरी थांबायचे, गुणाकार उरकायचा, मग बेरजेकडे परतायचे. संगणकाला अशी धावपळ परवडत नाही. त्याला पुढची क्रिया कोणती हे प्रत्येक टप्प्यावर ठाम कळावे लागते. म्हणून भाषांतरक, म्हणजे कंपायलर, पदावली मोजण्याआधी तिची एका ओळीतली मांडणी मोडतो आणि तिचा वृक्ष करतो. या रचनेला पदावली वृक्ष म्हणतात.

वृक्षाचा नियम साधा आहे. प्रत्येक संख्या हे एक पान असते आणि प्रत्येक क्रियाचिन्ह हा फांद्या फुटण्याचा बिंदू, म्हणजे आतला नोड असतो. आतल्या नोडला दोन अपत्ये असतात, डावे आणि उजवे. ज्या दोन गोष्टींवर ती क्रिया करायची, त्या या दोन अपत्यांखाली असतात. सर्वांत शेवटी होणारी क्रिया सर्वांत वर, मुळाशी बसते. वरच्या उदाहरणात ती मधली वजाबाकी आहे. संगणकशास्त्रातले वृक्ष मूळ वर आणि पाने खाली असे उलटे काढतात. इथे मात्र सोयीसाठी मूळ डाव्या टोकाला ठेवले आहे आणि प्रत्येक जोडीतले वरचे अपत्य डावे समजायचे आहे.

```
−
├─ ×
│  ├─ +
│  │  ├─ २५०
│  │  └─ ×
│  │     ├─ ३
│  │     └─ ४०
│  └─ २
└─ ÷
   ├─ ६००
   └─ −
      ├─ ७
      └─ ४
```

या आकृतीत एकही कंस नाही, आणि त्याची गरजही नाही. बेरीज बाहेरच्या गुणाकाराच्या आधी करायची हे कंसाने सांगितले होते. आता तेच काम जागा करते, कारण बेरीज त्या गुणाकाराच्या खाली लटकलेली आहे. वृक्षात सात पाने आणि सहा आतले नोड आहेत. प्रत्येक क्रिया दोन संख्या घेऊन एक परत देत असेल, तर पाने नेहमी क्रियांपेक्षा एकाने जास्तच निघतात. सात संख्यांची एक संख्या करायला सहा क्रिया लागणारच.

हा वृक्ष शोधवृक्षाचा, म्हणजे बायनरी सर्च ट्रीचा, जवळचा नातेवाईक आहे. दोन्हींत प्रत्येक नोडला जास्तीत जास्त दोन अपत्ये असतात, दोन्हींत डावे-उजवे हा भेद महत्त्वाचा असतो आणि संगणकाच्या स्मृतीत दोघांची साठवणही एकसारखीच होते. फरक आहे तो डाव्या-उजव्याच्या अर्थात. शोधवृक्षात नोडपेक्षा लहान किल्ल्या डावीकडे आणि मोठ्या उजवीकडे जातात. त्यामुळे शोध घेताना प्रत्येक वळणावर एक बाजू सोडून देता येते आणि मुळापासून पानाकडे जाणारी एकच वाट चालावी लागते. पदावली वृक्षात लहान-मोठे असे काहीच नसते. तिथे डावे म्हणजे क्रियाचिन्हाच्या आधी लिहिलेले आणि उजवे म्हणजे नंतर लिहिलेले. शिवाय एकही फांदी सोडता येत नाही, उत्तर हवे असेल तर प्रत्येक नोडपाशी जावेच लागते.

खरा भेद वृक्षाला हात लावला की दिसतो. शोधवृक्ष एका बाजूला झुकला तर त्याला फिरवून समतोल करतात. १९६२ साली सोव्हिएत गणितज्ञ अडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी मांडलेला एव्हीएल वृक्ष अशाच फिरवण्यावर उभा आहे. फिरवल्याने शोधवृक्षाचा आकार बदलतो, पण किल्ल्यांचा क्रम बदलत नाही, म्हणून त्याचा अर्थही शाबूत राहतो. हाच प्रयोग (१०० − ३०) − २० या पदावलीच्या वृक्षावर केला तर १०० − (३० − २०) तयार होते आणि ५० चे ९० होतात. शोधवृक्षात आकार ही केवळ सोय असते. पदावली वृक्षात आकार हाच मजकूर असतो.

हीच गोष्ट फेरीलाही लागू पडते. वृक्षातल्या सर्व नोडना क्रमाने भेट देण्याच्या तीन रूढ पद्धती आहेत. नोड आधी आणि अपत्ये नंतर ही प्रीऑर्डर, डावे अपत्य मग नोड मग उजवे ही इनऑर्डर, आणि दोन्ही अपत्ये आधी व नोड शेवटी ही पोस्टऑर्डर. शोधवृक्षात मान इनऑर्डरला आहे, कारण त्या फेरीत सगळ्या किल्ल्या चढत्या क्रमाने बाहेर पडतात. पदावली वृक्षावर मात्र इनऑर्डर फेरी फसवी ठरते. आपल्या उदाहरणातून ती २५० + ३ × ४० × २ − ६०० ÷ ७ − ४ अशी ओळ देते. चिन्हे आणि संख्या सगळ्या आल्या, क्रमही मूळचाच, पण कंस गळाले. ही ओळ नेहमीच्या नियमांनी सोडवली तर उत्तर ४०० च्या किंचित वर येते. खरे उत्तर ५४० आहे. म्हणून वृक्षावरून पुन्हा माणसाला वाचता येईल अशी पदावली छापायची असेल, तर प्रत्येक उपवृक्षाभोवती कंस घालत जावे लागते.

मोजण्यासाठी योग्य फेरी पोस्टऑर्डर, आणि त्यामागचे कारण सरळ आहे. दोन्ही बाजूंच्या किमती हाती आल्याखेरीज कोणतीही क्रिया करता येत नाही. पोस्टऑर्डर फेरी नोडपाशी पोहोचते तेव्हा त्याची दोन्ही अपत्ये मोजून झालेली असतात. पायथनमध्ये हे सारे चारपाच ओळींत मावते:

```python
def mulya(n):
    if n.dava is None:        # पान
        return n.sankhya
    a = mulya(n.dava)
    b = mulya(n.ujva)
    return kriya(n.chinha, a, b)
```

`mulya` स्वतःलाच बोलावते. मुळाशी विचारले की ती डाव्या अपत्याला विचारते, ते आपल्या डाव्याला, असे करत पहिले पान लागेपर्यंत ती खाली उतरते. आपल्या वृक्षात पहिले पान २५० आहे. ते मिळाले तरी बेरीज होत नाही, कारण उजवीकडचा गुणाकार बाकी आहे. तिथली ३ आणि ४० ही पाने येतात, गुणाकार होऊन १२० वर पाठवले जातात आणि मग बेरीज ३७० देते. त्याच्या शेजारचे २ येऊन ७४० होतात. मुळाची डावी बाजू इथे संपते. उजवीकडे ६०० मिळतात, ते ७ − ४ च्या ३ साठी थांबतात, भागाकार २०० देतो आणि अखेर मुळाशी ७४० − २०० = ५४० होतात.

फेरीत नोड ज्या क्रमाने संपतात त्या क्रमाने ते लिहून काढले, तर अशी ओळ मिळते: २५० ३ ४० × + २ × ६०० ७ ४ − ÷ −. या लेखनाला पोस्टफिक्स किंवा उलटी पोलिश लेखनपद्धती म्हणतात. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकासिएविच यांनी १९२० च्या दशकात चिन्ह आधी लिहिण्याची कंसविरहित पद्धत मांडली होती, तिचे हे उलटे रूप. त्यांचा विषय तर्कशास्त्र होता, यंत्रे नव्हेत. यंत्रांसाठी तिचे मोल १९५० च्या दशकात ध्यानात आले. ऑस्ट्रेलियात चार्ल्स हॅम्ब्लिन आणि जर्मनीत फ्रीड्रिख बाउअर व क्लाउस झामेलझोन यांनी साधारण एकाच काळात तिच्यासोबत चालणारी साठवण वापरात आणली. त्या साठवणीला आज स्टॅक म्हणतात.

स्टॅकमध्ये शेवटी ठेवलेली वस्तू आधी बाहेर येते. ओळ डावीकडून वाचत जायची. संख्या आली तर स्टॅकवर ठेवायची, चिन्ह आले तर वरच्या दोन संख्या काढून क्रिया करायची आणि उत्तर परत ठेवायचे. आपल्या ओळीत २५०, ३ आणि ४० एकावर एक चढतात. × आल्यावर ४० आणि ३ उतरून १२० चढतात. + आल्यावर स्टॅकवर एकटे ३७० उरतात. २ येतो आणि × नंतर ७४० होतात. पुढे ६००, ७ आणि ४ चढतात. या क्षणी स्टॅकवर ७४०, ६००, ७, ४ अशा चार संख्या आहेत आणि हीच त्याची सर्वांत जास्त उंची. त्यानंतर ३, मग २००, आणि शेवटी ५४०. यंत्राने ओळीत एकदाही मागे पाहिलेले नाही.

या रीतीत एक चूक हमखास होते. स्टॅकवरून आधी बाहेर येते ती उजवी संख्या, डावी नंतर. ७ आणि ४ चढवले की पहिल्यांदा ४ हाती येतो. क्रम न सांभाळता पहिल्यातून दुसरी वजा केली तर ४ − ७ होऊन उणे ३ येतात, पुढचा भागाकार उलटा होऊन उणे ०.००५ देतो आणि शेवटचे उत्तर उणे ७४०.००५ निघते. बेरीज-गुणाकारात अदलाबदलीने फरक पडत नाही, त्यामुळे केवळ तीच उदाहरणे तपासली तर हा दोष दिसतच नाही. असा कार्यक्रम तपासायचा तर ७ − ४ सारखी एक वजाबाकी पुरेशी असते. ओळच चुकीची लिहिलेली असेल तर ते स्टॅक स्वतः सांगतो. चिन्ह आले तेव्हा दोन संख्या नसतील तर संख्या कमी पडल्या, आणि ओळ संपल्यावर एकाहून जास्त उरल्या तर चिन्हे कमी पडली.

ही पद्धत सामान्य माणसाच्या खिशात आली ती १९७२ साली, ह्यूलेट-पॅकार्डच्या एचपी-३५ या कॅल्क्युलेटरमधून. त्यावर बरोबरचे बटणच नव्हते. संख्या टिपून ENTER दाबायचे, दुसरी टिपायची आणि मग चिन्ह दाबायचे. आत चार मजल्यांचा स्टॅक होता. आपली पदावली त्यात नेमकी मावते, पण आणखी एक संख्या थांबवावी लागली असती तर सर्वांत खालची हरवली असती. सवयीचे अभियंते त्यामुळे आतल्या, जास्त गुंतलेल्या भागापासून सुरुवात करत.

ही सवय म्हणजे एका पक्क्या नियमाचेच हाताने केलेले रूप आहे. वृक्षाच्या दोन फांद्यांपैकी जिला जास्त जागा लागते ती आधी मोजावी, म्हणजे तिचे उत्तर एका जागेत सांभाळून दुसरीला बाकीच्या जागा देता येतात. सोव्हिएत संगणकतज्ज्ञ आंद्रेई येर्शोव यांनी १९५८ साली या दिशेने विचार केला आणि रवी सेठी व जेफ्री उलमन यांनी १९७० साली तो सिद्धतेसह मांडला. प्रत्येक पानाला १ हा अंक द्यायचा. नोडच्या दोन अपत्यांचे अंक वेगळे असतील तर मोठा अंक नोडला, सारखे असतील तर त्यात एक मिळवून. आपल्या वृक्षात ३ × ४० ला २ मिळतो. त्यावरच्या बेरजेला २ आणि १ मधला मोठा म्हणून २, आणि बाहेरच्या गुणाकारालाही २. उजवीकडे ७ − ४ ला २, भागाकाराला २. मुळाशी दोन्हीकडे २, म्हणून ३. म्हणजे ही पदावली चार नव्हे, तीन जागांत मोजता येते. त्यासाठी ३ × ४० हे २५० च्या आधी आणि ७ − ४ हे ६०० च्या आधी मोजायचे. फेरी पोस्टऑर्डरच राहते, फक्त काही नोडपाशी उजवी फांदी आधी धरली जाते. प्रोसेसरमध्ये झटपट हाताशी येणाऱ्या जागा, म्हणजे रजिस्टर, मोजक्याच असतात. एक जागा वाचली की स्मृतीकडची एक खेप वाचते.

आतापर्यंत वृक्ष तयार आहे असे गृहीत धरले. तो लिहिलेल्या ओळीतून उभा कसा राहतो, हा यातला खरा नाजूक भाग. मराठी शाळांत क्रियांचा क्रम ‘कंचेभागुबेव’ या शब्दाने पाठ करून घेतात. तो उपयोगी असला तरी शब्दशः घेतला तर दगा देतो. बेरीज वजाबाकीच्या आधी असे समजून २० − ५ + ३ सोडवले तर १२ येतात. बरोबर उत्तर १८ आहे. भागाकार व गुणाकार एका पातळीवर आहेत, बेरीज व वजाबाकी दुसऱ्या, आणि एकाच पातळीवर जो डावीकडे तो आधी. यंत्राला हे दोन्ही नियम वेगवेगळे सांगावे लागतात.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६१ च्या सुमारास अल्गोल ६० भाषेच्या कंपायलरसाठी यावर जी रीत दिली, तिला रेल्वेच्या शंटिंग यार्डाचे नाव मिळाले. संख्या मुख्य रुळावरून थेट पुढे जातात, चिन्हे बाजूच्या रुळावर थांबतात. नवे चिन्ह आले की ते थांबलेल्या शेवटच्या चिन्हाकडे बघते. थांबलेले वरच्या किंवा त्याच पातळीचे असेल तर ते पुढे सोडायचे, खालच्या पातळीचे असेल तर नव्यानेही त्याच्या मागे थांबायचे. उघडता कंस थांबतो, आणि मिटता कंस आला की उघडत्यापर्यंतची सगळी चिन्हे सोडली जातात. आपल्या ओळीत कंसातले + थांबलेले असताना × येते. + खालच्या पातळीचे, म्हणून × त्याच्या मागे थांबते. मिटता कंस आल्यावर आधी ×, मग + बाहेर पडते. शेवटी मिळणारा क्रम वृक्षाच्या पोस्टऑर्डर फेरीचाच असतो. आणि प्रत्येक चिन्ह बाहेर पडताना आधीचे दोन उपवृक्ष उचलून त्यांचे मूळ होत गेले, तर वृक्षही त्याच फेरीत बांधून होतो.

‘त्याच पातळीचे’ हे दोन शब्द गाळले की १०० − ३० − २० चे उत्तर ९० येऊ लागते. घाताच्या चिन्हाला मात्र बहुतेक भाषांत उलटा नियम लागतो, तिथे उजवीकडचा घात आधी. आणि उणे चिन्हाचे तर दोन अवतार आहेत. ७ − ४ मध्ये त्याला दोन अपत्ये असतात, −३ मध्ये एकच. हे एकअपत्यी उणे कोणत्या पातळीवर ठेवायचे यावर एकमत नाही. एक्सेलमध्ये `=-3^2` लिहिले तर ९ मिळतात, पायथनमध्ये `-3**2` लिहिले तर −९. दोन्हीकडे गणित अचूकच होते. एकाने उणे घाताच्या खाली टांगले, दुसऱ्याने वर. शंका असेल तिथे कंस घालणे शहाणपणाचे.

वृक्ष बरोबर असला तरी आकाराचा प्रश्न संपत नाही. बेरजेत कंस कुठेही टाका, उत्तर एकच, असे शाळेत शिकवतात. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठरावीक अंकांपर्यंतच साठवतो, म्हणून तिथे हे नेहमी खरे नसते. पायथनमध्ये `(0.1+0.2)+0.3` हे `0.6000000000000001` येते आणि `0.1+(0.2+0.3)` हे `0.6`. त्यामुळे निव्वळ बेरजेचा वृक्षदेखील समतोलासाठी परस्पर फिरवायला शिस्तीचा कंपायलर तयार होत नाही. याची किंमत मात्र मोजावी लागते. हजारो संख्यांची लांबलचक बेरीज डावीकडे झुकलेल्या एकाच साखळीसारखा वृक्ष बनवते, आणि `mulya` सारखी स्वतःला बोलावणारी रीत त्यात खोल उतरत जाते. पायथनची अशा खोलीची मर्यादा मुळात १००० आहे. ती ओलांडली की काम `RecursionError` देऊन थांबते. अशा वेळी स्वतः स्टॅक सांभाळून फेरी करणे हाच उपाय.

आणखी एक मर्यादा अटींची. `=IF(A1=0,0,100/A1)` या एक्सेलच्या सूत्राचाही वृक्षच होतो, पण त्यावर निव्वळ पोस्टऑर्डर फेरी चालवली तर A1 शून्य असताना १०० ÷ ० ही न लागणारी फांदीही मोजली जाईल आणि चूक उद्भवेल. म्हणून अटीच्या नोडपाशी आधी अट मोजतात आणि मग दोहोंपैकी एकाच फांदीकडे वळतात. अशी सवलत गुणाकाराला द्यावी, डावीकडे शून्य आले की उजवी फांदी सोडून द्यावी, असा मोह होतो. ते चालत नाही. संगणकाच्या अपूर्णांक-गणितात अनंत ही किंमतही येऊ शकते, आणि आयईईई ७५४ या मानकानुसार शून्य गुणिले अनंत म्हणजे शून्य नव्हे, तर ‘संख्या नाही’ असे उत्तर येते. उजव्या फांदीत काय दडले आहे हे ती मोजल्यावरच कळते.